बंद बाथरूममधला हिशेब

थंडी सुरू झाली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास येते. अंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर आलं नाही, दार तोडलं, आत गॅस गीझर चालू होता. ऐकणारे म्हणतात, गॅस गळला असेल. पण अशा अनेक घटनांत गॅस गळलेला नसतो, तो व्यवस्थित जळत असतो. जळताना त्या खोलीतल्या हवेचं काय झालं, हे शाळेतल्या रसायनशास्त्राचं एक समीकरण आणि थोडा गुणाकार यांतून कळतं. मात्र आधी ते समीकरण तपासून घ्यावं लागतं.

घरगुती सिलिंडरमध्ये मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. सोपं जावं म्हणून सगळा गॅस ब्युटेन आहे असं धरू. तो पूर्ण जळतो तेव्हाचं समीकरण असं:

2C₄H₁₀ + 13O₂ → 8CO₂ + 10H₂O

हे बरोबर आहे की नाही, ते एकेक मूलद्रव्य धरून पाहायचं. डावीकडे ब्युटेनचे दोन रेणू आहेत आणि प्रत्येकात कार्बनचे ४ अणू, म्हणजे ८. उजवीकडे कार्बन डायऑक्साइडच्या ८ रेणूंत तेवढेच ८. हायड्रोजन डावीकडे २० आणि उजवीकडे पाण्याच्या १० रेणूंत २०. ऑक्सिजन शेवटी मोजावा, कारण उजवीकडे तो दोन्ही पदार्थांत विखुरलेला असतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये १६ आणि पाण्यात १० मिळून २६, डावीकडे १३ गुणिले २, तेही २६. जमलं.

विद्यार्थी चुकतात ते बहुधा या ऑक्सिजनपाशीच. ब्युटेनचा एकच रेणू घेतला तर उजवीकडे ऑक्सिजनचे १३ अणू येतात, आणि जोडीजोडीने येणाऱ्या ऑक्सिजनमधून विषम संख्या काढायची कशी, असा पेच पडतो. मग कोणी घाईने 6O₂ लिहून एक अणू गमावतं, तर कोणी रेणूसूत्रातला खालचा आकडाच बदलून टाकतं. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. H₂O चं H₂O₂ केलं की आकडे कदाचित जुळतील, पण पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड येईल. बदलायचा तो रेणूच्या आधीचा आकडाच. म्हणून इथे सगळंच दुप्पट केलं आहे.

आता वजनाकडे वळू. समीकरणातले २ आणि १३ हे ग्रॅम नव्हेत, ती रेणूंची संख्या आहे. रेणू एकेक मोजता येत नाहीत, म्हणून केळी जशी डझनावर मोजतात तसे रेणू मोलवर मोजायचे. एका मोलमध्ये ६.०२२ × १०²³ रेणू असतात, आणि रेणुवस्तुमानाचा आकडा ग्रॅममध्ये घेतला की एका मोलचं वजन मिळतं. ब्युटेनचं ५८ ग्रॅम, ऑक्सिजनचं ३२, कार्बन डायऑक्साइडचं ४४, पाण्याचं १८. डावीकडे ११६ आणि ४१६ मिळून ५३२ ग्रॅम होतात, उजवीकडे ३५२ आणि १८० मिळून तेही ५३२. वजनाची ही बेरीज गुणाकारातली चूक पकडते, पण तिने अणूंची मोजणी टळत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन या दोन्हींचं रेणुवस्तुमान २८च आहे. एकाच्या जागी दुसरा लिहिला तरी काटा हलणार नाही.

आता बाथरूममध्ये जाऊ. ५ बाय ८ फुटांची खोली, उंची ८ फूट. आतली हवा साधारण ९ हजार लिटर भरते आणि तिच्यात २१ टक्क्यांच्या हिशेबाने ऑक्सिजन १,९०० लिटरच्या आसपास असतो. मध्यम आकाराचा गीझर पूर्ण आचेवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. दोघांच्या अंघोळी लागोपाठ झाल्या आणि तो पाव तास चालला, तर २३२ ग्रॅम गॅस गेला असं धरू. २३२ भागिले ५८, म्हणजे ४ मोल.

समीकरण सांगतं की ब्युटेनच्या दोन मोलला ऑक्सिजनचे १३ मोल लागतात. मग ४ मोलला २६. खोलीच्या तापमानाला कोणत्याही वायूचा एक मोल सुमारे २४.५ लिटर जागा घेतो, म्हणून २६ मोल म्हणजे जवळजवळ ६४० लिटर. खोलीतल्या ऑक्सिजनचा तिसरा हिस्सा पाव तासात संपला! त्याच वेळी कार्बन डायऑक्साइडचे १६ मोल, म्हणजे ३९० लिटर, तयार झाले. हवेतला ऑक्सिजन २१ वरून १४ टक्क्यांच्या आसपास येतो.

पण हे समीकरण ऑक्सिजन मुबलक आहे असं गृहीत धरून लिहिलेलं आहे. तो कमी पडू लागला की आणखी एक अभिक्रिया शिरकाव करते:

2C₄H₁₀ + 9O₂ → 8CO + 10H₂O

तपासून पाहा: कार्बन ८ आणि ८, हायड्रोजन २० आणि २०, ऑक्सिजन १८ आणि १८. हेही पूर्ण संतुलित आहे! मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट इथेच आहे, आणि वर्गात ती क्वचितच सांगितली जाते. समीकरण संतुलित असणं म्हणजे त्यात अणू हरवलेले नाहीत, एवढंच. प्रत्यक्षात कोणती अभिक्रिया किती प्रमाणात घडते, ते ज्योतीला मिळणारी हवा ठरवते. बर्नरवर दोन्ही एकाच वेळी घडू शकतात आणि त्यांचं प्रमाण कागदावर काढता येत नाही, मोजावंच लागतं.

समजा, १६ मोल कार्बनपैकी शंभरात फक्त एक वाटा मोनॉक्साइड झाला. म्हणजे ०.१६ मोल. २८ ने गुणलं की साडेचार ग्रॅम, चमचाभर साखरेएवढं वजन. खोली ९ घनमीटरची, म्हणून दर घनमीटरला सुमारे ५०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा मिनिटांसाठी घातलेली मर्यादा १०० मिलिग्रॅमची आहे. वायू हळूहळू साठत गेला म्हणून सरासरी निम्मी धरली, तरी ती मर्यादेच्या अडीचपट होते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास मुद्दाम दिलेला असतो, तो गॅसबरोबरच जळून जातो, त्यामुळे नाकाला काहीच कळत नाही.

हिशेबात काय काय धरून चाललो, तेही पाहिलं पाहिजे. सगळा गॅस ब्युटेन धरल्याने फारसं बिघडत नाही. एक ग्रॅम ब्युटेनला ३.५९ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, प्रोपेनला ३.६४, म्हणजे फरक टक्का-दीड टक्क्याचा. खोली मात्र खरोखर हवाबंद नसते. दाराच्या फटीतून हवा येत राहते आणि ऑक्सिजन प्रत्यक्षात इतका खाली जात नाही. त्या अर्थाने तिसऱ्या हिश्शाचा आकडा वरची मर्यादा आहे. मोनॉक्साइडचं तसं नाही. एक टक्का हे मी धरलेलं प्रमाण आहे. बर्नरची छिद्रं काजळीने किंवा धुळीने बुजली असतील, तर खोलीत पुरेसा ऑक्सिजन असूनही ते वाढू शकतं. पिवळी, लांबट, थरथरणारी ज्योत आणि गीझरच्या वरच्या भागावर काळा डाग ही त्याची दिसणारी खूण आहे, कारण कार्बन अर्धवटच जळाला तर काही वेळा काजळी होऊनही सुटतो. पण ज्योत निळी दिसते म्हणून मोनॉक्साइड नाहीच, असं म्हणता येत नाही.

गीझर बाथरूमबाहेर उघड्या गॅलरीत बसवला आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणला, तर समीकरणातला एकही आकडा बदलत नाही. तेच २६ मोल, तेच १६ मोल. बदलतो तो भाजक. ९ घनमीटरांच्या जागी मोकळी हवा येते.