वेटिंगवर ठेवलंय? मग हा मेल पाठवा

मुलाखतीनंतर मला मेल आला: ‘पॅनेलने आपलं नाव प्रतीक्षा यादीत ठेवलं आहे.’ ‘मी का नाही?’ असं न विचारता मी त्याच दिवशी लिहिलं:

‘माझं नाव प्रतीक्षा यादीत कायम ठेवावं, ही विनंती. माझा क्रमांक कितवा आणि यादी कधीपर्यंत वैध आहे, ते कळवाल का? बोलावल्यास १५ दिवसांत रुजू होईन.’

‘राखीव उमेदवार’ मुद्दाम लिहिलं नाही. आपल्याकडे तो शब्द आरक्षणाचा वाटतो.

शेवटचं वाक्य मात्र हवंच. निवडलेला माणूस ऐन वेळी नकार देतो, तेव्हा यादीतल्या पुढच्याला फोन जातो. तो अडखळला, की त्याच्यानंतरच्याला. म्हणून नोटीस पिरियड खराच सांगा. आणि यादीची मुदत संपेपर्यंत बाकीचे इंटरव्ह्यू सोडू नका.