पंचेचाळीस हजारांचा हिशेब

कोल्हापूरच्या शिरोलीत एक फाउंड्री आहे असं समजा. भाडं, पगार, विमा, घसारा असा तिचा महिन्याचा ठरलेला ओव्हरहेड ६,००,००० रुपये आणि अपेक्षित उत्पादन १०,००० नग. म्हणजे स्टँडर्ड कॉस्टिंगमध्ये प्रत्येक नगावर ६० रुपये चढवायचे.

महिनाअखेर खर्च झाला ५,८५,००० आणि नग निघाले ९,०००. नगांवर चढले फक्त ५,४०,०००, म्हणजे ४५,००० वसूल व्हायचे राहिले. मालक मॅनेजरला धारेवर धरतो, आणि इथेच गफलत होते.

आधी बजेट आणि प्रत्यक्ष खर्च ताडून पाहा: सहा लाखांच्या जागी ५,८५,०००. खर्चातली ही तफावत १५,००० रुपयांनी अनुकूल आहे. मॅनेजरने हात आखडताच ठेवला होता. आता उत्पादनाची तफावत. हजार नग कमी निघाले, गुणिले ६०, म्हणजे ६०,००० प्रतिकूल. दोन्हींची गोळाबेरीज तेच ४५,०००.

मात्र हे साठ हजार खिशातून गेलेले नाहीत. भाडं तेवढंच भरलं, ते कमी नगांवर वाटलं गेलं एवढंच. भट्टी बंद पडली, वीज गेली की ऑर्डरच नव्हती, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी शॉप फ्लोअरची नोंदवही उघडावी लागते. काही जण ही तफावत पुसायला मागणी नसताना नग ओततात. कागदावर आकडा सुधारतो, पैसा मात्र गोदामात अडकतो. ऑर्डर नसेल तर भट्टी थंड ठेवलेली बरी.