गाठीला इतकी साखर का लागते?

आमच्या गटातल्या एका काकूंना स्तनाचा कर्करोग झाला. पेट स्कॅनच्या दिवशी त्यांना सहा तास उपाशी ठेवलं, मग शिरेतून किरण देणारी, खुणेची साखर टोचली आणि तासभर पडून राहायला सांगितलं. चित्रात गाठ चमकली. “गाठ साखर ओढते,” हे ऐकून काकूंनी आधी चहातली साखर सोडली, मग भात, मग भाकरीसुद्धा. महिन्याभरात त्यांची झंपरं ढिली झाली.

गाठ साखर ओढते हे खरंच आहे. पण का?

आपली पेशी साखरेच्या कणाचे आधी दोन तुकडे करते. त्यातून शक्तीची जेमतेम दोन नाणी मिळतात असं समजा. ऑक्सिजन असला की हे तुकडे पेशीतल्या भट्टीत पूर्ण जळतात आणि तीसेक नाणी हाती येतात. जोरात धावताना मांडीला ऑक्सिजन कमी पडतो, तेव्हा त्या तुकड्यांचं लॅक्टिक आम्ल होतं. दह्यात असतं तेच.

1920 च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग यांना दिसलं, की गाठीच्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही असं आम्ल बनवतात. त्यांना वाटलं, भट्टीच बिघडली असणार. तिथे ते चुकले. बहुतेक गाठींत भट्टी चालू असते.

आता घर बांधायचंय असं धरा. दारातलं सगळं लाकूड चुलीत घातलं तर वासे कशाचे करणार? एकीच्या दोन होणाऱ्या पेशीला नवं आवरण लागतं, नवा डीएनए लागतो. त्याचा बराच माल साखर फुटण्याच्या वाटेवरच मिळतो. म्हणून ती वाट भरधाव चालू ठेवायची, मधूनमधून माल उचलायचा आणि उरलेल्या तुकड्यांचं आम्ल करून बाहेर टाकायचं. आम्ल करण्यात आणखी एक सोय आहे. साखर फोडताना भरलेली घमेली त्याने रिकामी होतात, नाहीतर पुढचं काम अडतं. नाणी दोनच, पण ती झपाट्याने मिळतात. त्यासाठी साखर मात्र खूप लागते.

खुणेची साखर पेशीत शिरते, पण पुढे फुटत नाही, अडकून राहते. म्हणून गाठ चमकते. मेंदूही चमकतो, क्षयाची गाठही चमकू शकते. उलट प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या काही गाठी फारशा चमकत नाहीत. त्यामुळे नुसत्या चमकण्यावरून कर्करोग ठरत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो.

आणि काकूंचा उपास? आपण साखर खाल्ली नाही तरी यकृत ती बनवून रक्तात सोडतं, आणि त्यासाठी अंगातलं मांस झिजतं. शिवाय गाठ प्रथिनांतले घटकही वापरते. झिजल्या त्या काकूच. वजन घटलेलं पाहून डॉक्टरांनी त्यांना भाकरी, डाळ आणि रोज अंडं खायला सांगितलं.