वार्षिक अहवालाचे वाचन : खोटा नफा ताळेबंदात कोठे जाऊन बसतो

शेअर बाजारात नोंदलेल्या भारतीय कंपनीचा वार्षिक अहवाल बहुधा शेकडो पानांचा असतो. पुढच्या पानांवर अध्यक्षांचे निवेदन, छायाचित्रे आणि रंगीत आलेख असतात. लेखापरीक्षकाचा अहवाल, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह विवरणपत्र आणि त्यांच्यावरील टिपा हा गंभीर भाग मागे असतो. नवख्या गुंतवणूकदाराने वाचनाला तेथूनच आरंभ करावा. यातले प्रत्येक पत्रक स्वतंत्रपणे समजून घेता येते, परंतु त्यांचे खरे मूल्य एकमेकांची साक्ष तपासण्यात आहे. नफा-तोटा पत्रकाने केलेला दावा ताळेबंदाला आणि रोख प्रवाहाला मान्य आहे का, हा प्रश्न हाती घेतला की आकड्यांच्या रानात वाट सापडू लागते.

ही परस्परसाक्ष शक्य होते ती द्विनोंदी पद्धतीमुळे. इटलीतील व्यापारी ही पद्धत आधीपासून वापरत होते. लुका पाचोली या गणितज्ञ धर्मगुरूने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात तिचे व्यवस्थित वर्णन केले. प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू लिहायच्या आणि दोन्ही बाजूंची बेरीज जुळली पाहिजे, हा तिचा गाभा. याचा एक परिणाम गुंतवणूकदाराच्या फार उपयोगाचा आहे. नफा वाढला की भागधारकांचा निधी वाढतो, आणि निधी वाढला की दुसऱ्या बाजूला तेवढीच मत्ता वाढलेली किंवा देणे घटलेले दिसावे लागते. म्हणजे न झालेली विक्री कोणी वहीत लिहिली, तर त्या खोट्या रुपयाला ताळेबंदात कोठेतरी जागा द्यावीच लागते.

ताळेबंद हे एका विशिष्ट दिवसाचे, आपल्याकडे बहुधा ३१ मार्चचे, चित्र असते. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीने त्याची मांडणी ठरवून दिली आहे. एका बाजूला मत्ता : जमीन, इमारती व यंत्रे, गुंतवणुका, मालसाठा, ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम, रोकड आणि बँकेतील शिल्लक. दुसऱ्या बाजूला भागभांडवल व राखीव निधी, कर्जे आणि पुरवठादारांची देणी. खोट्या रुपयाच्या दृष्टीने यातल्या सर्व जागा सारख्या सोयीच्या नसतात. यंत्र डोळ्यांनी पाहता येते. ‘ग्राहकाकडून येणे आहे’ असे म्हणणे मात्र सर्वांत सोपे, आणि म्हणूनच फुगवटा बहुतेक वेळा तेथे आढळतो.

तो ओळखण्याचे साधन म्हणजे रोख प्रवाह विवरणपत्र. वर्षभरात प्रत्यक्ष किती पैसा आला आणि गेला हे ते तीन भागांत सांगते : मूळ व्यवसायातून, गुंतवणुकीतून आणि वित्तपुरवठ्यातून. नवख्याने पहिल्या भागावर अधिक वेळ घालवावा. समजा, एका कंपनीची विक्री १०० कोटींवरून १३० कोटींवर गेली आणि तिने १२ कोटींचा नफा दाखवला. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) व्यवसायातील रोकड काढताना नफ्यात घसाऱ्याचे ४ कोटी मिळवले जातात, कारण घसारा हा खर्च असला तरी त्यासाठी पैसे बाहेर जात नाहीत. झाले १६ कोटी. आता ग्राहकांकडील येणी २० कोटींवरून ४२ कोटींवर गेली असतील, तर त्या वाढीचे २२ कोटी वजा होतात. मालसाठा वाढला म्हणून आणखी ३ कोटी वजा, आणि पुरवठादारांचे पैसे थकवले म्हणून ५ कोटी अधिक. हाती उरतात उणे ४ कोटी.

म्हणजे १२ कोटींचा नफा मिळवणाऱ्या कंपनीच्या तिजोरीतून व्यवसायापायी ४ कोटी बाहेर गेले. विक्री तीस टक्क्यांनी वाढली, येणी मात्र दुपटीहून अधिक झाली. पूर्वी ग्राहकाकडून पैसे यायला सरासरी ७३ दिवस लागत, आता सुमारे ११८ लागतात. एका वर्षाच्या अशा आकड्यावरून लबाडीचा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. झपाट्याने वाढणाऱ्या प्रामाणिक उद्योगाचीही अशी ओढाताण होते. परंतु तीन-चार वर्षे नफा चढता आणि व्यवसायातील रोकड सतत त्याच्या खाली राहिली, तर विक्री उधारीवर ढकलली जात आहे किंवा मुळात झालेलीच नाही, असा संशय धरणे रास्त ठरते.

ही कसोटी पुष्कळ प्रकरणांत पुरते, पण सर्वत्र नाही. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे प्रकरण तिची मर्यादा स्पष्ट करते. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेबातील खोटेपणा स्वतःच कबूल केला. त्या एका दिवसात शेअरची किंमत तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळली. पत्रातले आकडे ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदाचे होते आणि खोटा रुपया कोठे कोठे बसवला होता, याची ती यादीच होती.

वहीत रोकड व बँकशिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, म्हणजे दर शंभर रुपयांतले चौऱ्याण्णव खोटे. ३७६ कोटींचे उपार्जित व्याजही काल्पनिक होते. ग्राहकांकडील २,६५१ कोटींच्या येण्यांमध्ये फुगवटा होता तो केवळ ४९० कोटींचा. याखेरीज १,२३० कोटींचे देणे ताळेबंदात कमी दाखवले होते. ही शेवटची बाब वाचकाला सर्वांत अवघड, कारण जे लिहिलेलेच नाही ते वाचणार कसे?

३० सप्टेंबर २००८ ला संपलेल्या तिमाहीचे आकडे अधिक बोलके आहेत. दाखवलेले उत्पन्न २,७०० कोटी आणि व्यवसायातील नफा ६४९ कोटी, म्हणजे २४ टक्के. खरे उत्पन्न २,११२ कोटी आणि खरा नफा ६१ कोटी, म्हणजे जेमतेम ३ टक्के. दोन्हींतला फरक काढून पाहावा : उत्पन्नात ५८८ कोटी आणि नफ्यातही नेमके ५८८ कोटी. खोट्या विक्रीला पगार, वीज किंवा भाडे यांतला कोणताच खर्च करावा लागत नाही, म्हणून ती अख्खीच्या अख्खी नफ्यात उतरते. आणि पत्राने सांगितल्याप्रमाणे त्या तिमाहीत कृत्रिम बँकशिल्लकही ५८८ कोटींनीच वाढली. पाचोलीने वर्णिलेली पद्धत येथेही मोडली नव्हती. खोट्याचीही दुहेरी नोंद चोख झाली होती.

म्हणूनच येण्यांची कसोटी येथे थिटी पडते. बहुतांश फुगवटा येण्यांत न ठेवता थेट बँकशिल्लकीत नेल्यामुळे ग्राहकांनी पैसे चुकते केले, असाच देखावा उभा राहिला. रोख प्रवाह विवरणपत्र हे शेवटी ताळेबंदातील रोकडीचा वर्षारंभ आणि वर्षअखेर यांना जोडणारे पत्रक आहे. ते शेवटचे टोकच खोटे असेल, तर मधली मांडणी निर्दोष दिसते. ‘नफा हे मत, रोकड हे सत्य’ असे सुभाषित गुंतवणूकदारांत फार प्रिय आहे. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे.

मग रोकड तपासावी कशी? पहिली खूण व्याजाची. टिपांमध्ये ‘इतर उत्पन्न’ या शीर्षाखाली बँकठेवींवरील व्याज वेगळे दिलेले असते. वर्षारंभीची आणि वर्षअखेरीची शिल्लक यांची सरासरी घेऊन त्या व्याजाशी पडताळावी. सरासरी शिल्लक ५०० कोटी आणि मुदतठेवीचा प्रचलित दर ७ टक्के असेल, तर सुमारे ३५ कोटी व्याज अपेक्षित आहे. ते ९ कोटीच दिसले, तर तीन शक्यता उरतात : बराच पैसा बिनव्याजी चालू खात्यात पडून आहे, तो फक्त ३१ मार्चपुरता आणून ठेवला होता, किंवा तो नाहीच. व्याज पुरेसे दिसले तरी ते प्रत्यक्ष मिळाले का, हे रोख प्रवाहाच्या गुंतवणूक विभागात पाहावे. खोट्या ठेवीवर व्याज लिहिता येते, वसूल करता येत नाही. म्हणून ते ‘उपार्जित’ या नावाने साठत जाते. सत्यमच्या यादीतील ३७६ कोटींकडे या नजरेने पुन्हा पाहावे. दुसरी खूण अधिक साधी आहे : हाताशी भरपूर रोकड असल्याचे सांगणारी कंपनी त्याच वेळी महागड्या व्याजाने कर्ज का घेते, याचे समाधानकारक उत्तर अहवालात मिळाले पाहिजे.

ही पडताळणी लेखापरीक्षकानेच करायची नाही का, असा प्रश्न येथे साहजिक आहे. बँकशिल्लकीची खात्री करताना लेखापरीक्षकाने बँकेला स्वतः विचारायचे आणि उत्तर थेट आपल्याकडे मागवायचे, असा नियम आहे. सत्यमच्या लेखापरीक्षकांनी ही पत्रे पाठवण्याचे आणि उत्तरे स्वीकारण्याचे नियंत्रण कंपनीच्या व्यवस्थापनाकडेच सोपवले होते, असा ठपका अमेरिकेच्या रोखे आयोगाने एप्रिल २०११ मध्ये ठेवला. संबंधित संस्थांनी आरोप मान्य वा अमान्य न करता ६० लाख डॉलरचा दंड भरून ते प्रकरण मिटवले. लेखापरीक्षणाने मिळते ती ‘वाजवी खात्री’, निरपवाद हमी नव्हे. ही मर्यादा लेखापरीक्षकाच्या अहवालातच छापलेली असते.

तरीही तो अहवाल वाचायचाच, कारण ज्या कंपन्या बुडण्याच्या वाटेवर असतात त्यांच्याबाबत तो पुष्कळदा आधी बोलतो. मताचे चार प्रकार आहेत : निर्दोष मत, सशर्त मत, प्रतिकूल मत आणि मत देण्यास नकार. सशर्त मत असल्यास त्याच्या कारणांचा परिच्छेद शब्दशः वाचावा. तेथे बहुधा रकमेसह आक्षेप असतो. कंपनीचे कामकाज पुढे चालू राहण्याविषयी मोठी अनिश्चितता आहे, असा परिच्छेद निर्दोष मताच्या सोबतही येऊ शकतो. वरचे मत पाहून पान उलटणाऱ्याला तो दिसत नाही. १ एप्रिल २०१८ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या अहवालात ‘प्रमुख लेखापरीक्षण बाबी’ हा विभागही असतो. कोणत्या आकड्यांनी लेखापरीक्षकाचा सर्वाधिक वेळ घेतला, हे तो सांगतो.

माझ्या अनुभवाने सर्वांत उपयुक्त पान मात्र याच्या मागे जोडलेले परिशिष्ट. त्याला व्यवहारात ‘कारो’ म्हणतात. त्याची २०२० ची सुधारित आवृत्ती २०२१-२२ पासून लागू आहे. बँका, विमा कंपन्या आणि काही छोट्या कंपन्या तिच्यातून वगळलेल्या आहेत. भाषा रुक्ष असली तरी उत्तरे मुद्देसूद असतात. निर्विवाद कर किंवा भविष्यनिर्वाह निधीची देणी सहा महिन्यांहून अधिक थकली आहेत का? कर्जफेडीत कसूर झाली का? बँकेला दर तिमाहीला दिलेली मालसाठ्याची व येण्यांची विवरणे वह्यांशी जुळतात का? हा शेवटचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण येण्यांच्या आकड्याची ती एक स्वतंत्र साक्ष आहे. हे परिशिष्ट तपशिलाने मिळते ते कंपनीच्या स्वतंत्र हिशेबासोबत, म्हणून केवळ उपकंपन्यांसह एकत्रित हिशेब वाचून थांबू नये.

कंपन्यांचे जुने अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. वाचकाने ओळखीच्या एखाद्या कंपनीचे सलग पाच वर्षांचे अहवाल घ्यावेत आणि नफा, व्यवसायातील रोकड, येणी, बँकशिल्लक व त्यावरील व्याज हे पाचच आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहावेत. जेथे मेळ बसत नाही, तेथील टीप आधी वाचावी. ती वाचूनही खुलासा झाला नाही, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार एका शेअरच्या धारकालाही आहे.