डोळ्यांसमोर चमकती नागमोडी रेघ: मायग्रेन की धोक्याची सूचना?

गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने पेणच्या कारखान्यांत रात्री-रात्री काम चालते. अशाच दिवसांत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे एक चाळिशीचे कारागीर घाबरून दवाखान्यात आले. "डॉक्टर, डावा डोळा गेला वाटतं," एवढेच ते म्हणाले.

झाले होते असे. आखणी करताना मूर्तीच्या डोळ्याचा एक भाग त्यांना दिसेनासा झाला. पाचेक मिनिटांत त्या जागी चमचमणारी, करवतीच्या दात्यांसारखी वाकडी रेघ उमटली. ती हळूहळू मोठी होत डाव्या कडेला सरकली आणि साधारण पंचवीस मिनिटांनी नाहीशी झाली. मग उजवी कानशील ठणकू लागली आणि मळमळले. आदल्या रात्री झोप नव्हती, सकाळपासून पोटात फक्त चहा होता.

हा मायग्रेनचा ऑरा. बिघाड डोळ्यात नसतो, मेंदूच्या मागच्या भागात असतो, जिथे दिसलेल्या गोष्टींचा अर्थ लागतो. तिथून विद्युत बदलाची एक लाट मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर इतक्या सावकाश वेगाने पसरते. लाटेच्या पुढच्या कडेला पेशी उत्तेजित होतात म्हणून चमक दिसते, मागे त्या काही काळ शांत होतात म्हणून तिथला भाग दिसत नाही. कार्ल लॅशली या अमेरिकी शास्त्रज्ञाने स्वतःच्या ऑराची चित्रे काढून १९४१ मध्ये याच वेगाचा अंदाज बांधला होता. रेघ सरकते ती यामुळेच. ऑरा बहुधा पाच ते साठ मिनिटे टिकतो. कधी त्यानंतर डोके दुखतही नाही.

मग 'डावा डोळा गेला' असे का वाटले? मेंदूच्या उजव्या बाजूला दोन्ही डोळ्यांतला डावीकडचा देखावा पोहोचतो. तो बिघडला की माणसाला डावा डोळाच खराब वाटतो. म्हणून त्रास चालू असतानाच आधी एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. रेघ दोन्ही वेळा दिसली तर प्रश्न मेंदूकडचा आहे. एकाच डोळ्यात दिसली तर तो डोळा किंवा त्याचा रक्तपुरवठा तपासायला हवा. नंतर आठवून हे सांगणे फार अवघड जाते.

पण ही चाचणी मायग्रेन आणि पक्षाघात यांत फरक करत नाही. पक्षाघातातही दोन्ही डोळ्यांनी एका बाजूचे दिसेनासे होऊ शकते. तिथे सुरुवात पाहायची. पक्षाघातात दिसणे सहसा एका क्षणात जाते. चमक किंवा सरकणारी रेघ बहुधा नसते, फक्त उणीव असते: समोरच्याचा अर्धा चेहरा नाही, घड्याळाचे अर्धे आकडे नाहीत. हाताला मुंग्या ऑरातही येतात, पण त्या बोटांपासून चेहऱ्याकडे मिनिटामिनिटाने चढतात. एकदम हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा तोल गेला, तर मायग्रेनचा विचार बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन व गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळते अशाच रुग्णालयात जा. हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रोह्याहून किंवा पेणहून निघताना त्यातला बराच वेळ रस्त्यात जातो, म्हणून आधी फोन करून विचारा. स्कॅनपूर्वी घरची ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरेल.

रोह्याच्या साठी ओलांडलेल्या एका मधुमेही गृहस्थांची गोष्ट वेगळी होती. उजव्या डोळ्यावर वरून खाली काळा पडदा उतरला आणि पाच मिनिटांत उठला. दुखले नाही, चमक नव्हती. "आता दिसतंय ना, मग कशाला जायचं?" असे घरचे म्हणाले. मला मायग्रेनपेक्षा हीच गोष्ट जास्त घाबरवते. मानेच्या रक्तवाहिनीतून सुटलेली गुठळी डोळ्याच्या धमनीत क्षणभर अडकली की असे होते. पुढची मेंदूत जाऊ शकते. दृष्टी परत आली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवे. पन्नाशीनंतर सोबत कानशील दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल, तर तेही सांगा. धमनीच्या सुजेवर तातडीने स्टिरॉइड लागतात.

पडदा उठलाच नाही, तर धमनी पूर्ण बंद झालेली असू शकते; तेव्हा पक्षाघातासारखेच लगेच निघा. एका डोळ्यात कडेला विजेसारखे लखलखणे, अचानक काळे ठिपके आणि कडेकडून वाढत जाणारी सावली, हे दृष्टिपटल फाटल्याचे किंवा सुटल्याचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

नागमोडी रेघ अगदी नमुनेदार असली तरी पहिल्यांदाच आणि पन्नाशीनंतर आली, तासाभराहून जास्त टिकली किंवा दर वेळी एकाच बाजूला येत असेल, तर नुसत्या वर्णनावर मी मायग्रेन म्हणणार नाही; तपासणी करून घेईन. पहिलाच झटका कोणत्याही वयात आला तरी डॉक्टरांना दाखवा. इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईंना ऑरा येत असेल तर गोळी बदलावी लागते, कारण दोन्ही मिळून पक्षाघाताचा धोका वाढतो.

त्या कारागिरांना मी पुढच्या वेळी घड्याळ पाहून कागदावर रेघ काढायला सांगितले. हात बसलेला होता. दर पाच मिनिटांची अशी सुबक चित्रे घेऊन आले की निदानाला शंका उरली नाही. मोटारसायकल मात्र रेघ पूर्ण जाईपर्यंत बाजूला उभी करायची, हे त्यांना दोनदा सांगावे लागले.