वायटूके: न घडलेल्या बिघाडाचा पुरावा
१ जानेवारी २००० रोजी फारसं काही कोसळलं नाही, म्हणून वायटूके हा बागुलबुवाच होता असं अजूनही ऐकू येतं. तेव्हाच्या एखाद्या सॉफ्टवेअर टेस्टरचा अहवाल वेगळं सांगतो: संगणकाचं घड्याळ २०००मध्ये नेलं, वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवणाऱ्या प्रोग्रॅमने १९६५च्या जन्माचं वय उणे ६५ काढलं, दुरुस्तीनंतर ३५ आलं. टळलेल्या बिघाडाची एवढीच खूण मागे राहते. दुरुस्तीवर कमी खर्च करणारे देशही तरले, हा आक्षेप रास्त आहे (काही पैसा वाया गेलाही असेल), पण त्यांच्याकडची बरीच सॉफ्टवेअर मूळ कंपन्यांनीच दुरुस्त केली होती. आणि चूक निसटली तिथे? इंग्लंडमधल्या शेफील्डला २००० साली डाउन सिंड्रोमच्या तपासणीत संगणकाने गर्भवतींची वयं चुकीची काढली आणि दीडशेहून अधिक जणींना धोका कमी असल्याचा चुकीचा निर्वाळा मिळाला.