काच प्लास्टिक का दिसते?

काचेची बाटली आणि ॲक्रिलिकची बाटली समोरासमोर ठेवा. समोरून पडलेल्या उजेडापैकी दोघींच्या पृष्ठभागावरून परत येतो तो सारखाच, जेमतेम ४ टक्के. म्हणजे चमक किती आहे, यावरून डोळा काच ओळखत नाही. तो चमकेच्या कडा बघतो. मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

परफ्यूमच्या बाटलीचं माझं पहिलं काम आठवतं. दहा सेंटीमीटर उंच, सहा सेंटीमीटर रुंद, चौकोनी बाटली. आत मधाच्या रंगाचं द्रव, वर सोनेरी टोपण. मी डावीउजवीकडे एकेक सॉफ्टबॉक्स लावला, दोन्हीचा उजेड मोजून सारखा केला आणि फोटो काढले. मालकीणबाईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “अहो, ही प्लास्टिकची का दिसतेय? मी तर चांगली जड काच घेतलीये.” बाटलीवर दोन पांढरे पट्टे होते, एकसारखे, चिकटपट्टी लावल्यासारखे. त्यांचं बरोबर होतं.

चकचकीत बाटलीचा फोटो काढताना आपण खरं तर तिला काय दिसतंय त्याचा फोटो काढत असतो. सपाट काच म्हणजे फिकट आरसा. बाटलीचं तोंड थेट कॅमेऱ्याकडे असेल तर तिला कॅमेराच दिसतो, आणि मागे उभ्या माणसाचा पांढरा शर्टही. म्हणून मी बाटली साधारण १५ अंश वळवतो. आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट त्याची नजर वळते. त्यामुळे ती आता कॅमेऱ्याच्या रेषेपासून ३० अंशांवरच्या जागेकडे बघत असते. प्रतिबिंबासाठी जे काही ठेवायचं ते तिथेच. खोलीत इतरत्र कितीही मोठा दिवा लावला तरी त्या पृष्ठभागावर तो उमटणारच नाही.

तिथे मी ट्रेसिंग पेपर टांगतो, बाटलीपासून साधारण २५ सेंटीमीटरवर. कॅमेरा एक मीटर लांब असला, तर सहा सेंटीमीटर रुंद काचेत या कागदाचा जेमतेम साडेसात सेंटीमीटरांचा पट्टा दिसतो. नवख्या माणसाला हे पटत नाही. तो मीटरभर कागद लावतो आणि त्यावर सगळीकडे सारखा उजेड पाडतो. बाटलीला त्यातला एक तुकडा दिसतो, तोही सपाट पांढरा. मग तीच चिकटपट्टी.

जे घडवायचं ते त्या साडेसात सेंटीमीटरांत घडवावं लागतं. कागदाची एक उभी कड ब्लेडने सरळ कापून त्या पट्ट्याच्या आत आणतो, म्हणजे चमक तिथे ठाशीवपणे सुरू होते. कागदाच्या मागे दिवा असतो, त्याच्या तोंडाला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी लावलेली, आणि तो त्या कडेवर रोखलेला. उजेडाचा डाग कडेपाशी सगळ्यात गडद, तिथून पुढे विरत विरत काळोखात जातो. दिवा हातभर मागे नेला की डाग पसरतो आणि पट्टा पुन्हा सपाट होतो. सगळी करामत या इंच-दोन इंचांच्या सरकवण्यात असते.

एक कड ठाम, दुसरी विरणारी. ठाम कड सांगते की पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत आहे. विरणारी कड सांगते की हा उजेड कुठल्या तरी बाजूने आलाय, कुठे तरी संपतोय. दोन्ही कडा विरल्या तर काच साबण लावल्यासारखी धुरकट वाटते, मऊ प्लास्टिकसारखी. दोन्ही ठाम आणि मधे सपाट पांढरं असलं तर वरून चिकटवल्यासारखं दिसतं.

ठाम कडेबाबत एक अडचण येते. प्रतिबिंब काचेवर नसतं, काचेच्या आत खोल असतं. बाटली कॅमेऱ्यापासून एक मीटरवर आणि कागद तिच्यापासून २५ सेंटीमीटरवर, तर लेन्सच्या दृष्टीने कागदाची कड सव्वा मीटरवर आहे. फोकस मात्र बाटलीवर. म्हणून कड थोडी पसरतेच. कागद आणखी लांब नेला तर ती जास्त पसरते. म्हणून तो फ्रेममध्ये न येता जितका जवळ आणता येईल तितका आणायचा आणि अपर्चर एफ ११ किंवा १६ पर्यंत बारीक करायचं.

आता आतलं द्रव. काळ्या पार्श्वभूमीवर ते चहाच्या गाळासारखं मेलेलं दिसतं. बाटलीमागे सोनेरी पुठ्ठ्याचा तुकडा तिरका टेकवून त्यावर वरून छोटा दिवा टाकला की द्रव पेटतं. तुकडा बाटलीपेक्षा थोडा लहान कापायचा, म्हणजे त्याच्या कडा काचेतून डोकावत नाहीत. इथे मोह आवरावा लागतो. समोरच्या काचेवरची चमक म्हणजे कागदावरच्या उजेडाचा ४ टक्के भाग. मागून द्रव फार पेटवलं तर ती त्यात विरघळून जाते, आणि बाटली कंदिलासारखी उजळलेली पण बिनकाचेची दिसते. मी आधी समोरची चमक पक्की करतो आणि मगच मागचा दिवा हळूहळू वाढवतो. चमक फिकी पडू लागली की तिथेच थांबतो.

टोपण वेगळं काम मागतं. ते गोल असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळी खोली दिसते, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना कागद आणि मधे काळा पुठ्ठा. सोनं आपलं प्रतिबिंब स्वतःच्या रंगात रंगवतं, काच रंगवत नाही. टोपणावरची चमक पिवळसर आणि काचेवरची चमक पांढरीच राहायला हवी. संगणकावर दोन्हींना सोनेरी झाक दिली की काच तिथल्या तिथे बनावट होते. बरेचदा टोपण आणि काच वेगवेगळ्या फ्रेममध्ये घेऊन जोडतात. त्यात हरकत नाही, फक्त काचेचा उजेड डावीकडून आणि टोपणाचा उजवीकडून, असं व्हायला नको.

शेवटी एक छोटी गोष्ट, जी मी हल्ली प्रत्येक बाटलीत शोधतो. द्रवाची पातळी जिथे संपते त्याच्या वर बघा. तिथे चमकेची रेष दुहेरी दिसते. एक काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून येते आणि दुसरी, फिकट, आतल्या पृष्ठभागावरून, कारण आत हवा आहे. पातळीच्या खाली आतली रेष जवळजवळ नाहीशी होते, कारण काच आणि अल्कोहोल यांच्यात उजेड फारसा उलटत नाही. रिटचिंग करणारी मुलं ती वरची दुसरी रेष चूक समजून पुसतात. तळाच्या जाड काचेतले वेडेवाकडे ठिपकेही पुसतात. मी फाइल पाठवतो तेव्हा त्या दोन जागांभोवती लाल गोल काढतो आणि लिहितो, “इथे हात लावू नका.”